महाराज लायबल खटला (१८६२): 'असल हिंदू धर्म' कोर्टात कसा ठरला?

रोहिणी_गिरगाव

हिंदू धर्म हा एकसंध धर्म आहे ही कल्पना इंग्रजी अमदानीतल्या अभ्यासकांनी घडवली, असं म्हटलं की लगेच दोन तट पडतात. म्हणून मी एकच प्रसंग घेऊन विचारते, आणि तोही मुंबईतला.

२१ ऑक्टोबर १८६० ला करसनदास मुळजींनी आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात एक लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ साधारण असा: 'हिंदूंचा असल धर्म आणि हल्लीची पाखंडी मतं'. रोख वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्ग या कृष्णभक्ती पंथातल्या महाराजांवर, म्हणजे गुरूंवर होता. सुरतेहून मुंबईत आलेल्या जदुनाथजी महाराजांचं तर थेट नावच घेतलं होतं. महाराज भक्तांच्या लेकी-सुनांचा भोग घेतात, हा त्यातला आरोप सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर अलीकडे सिनेमाही येऊन गेला. पण लेखाची सुरुवात तिथून होत नाही. करसनदास आधी म्हणतात की वेदांचा धर्म तो असल, बाकीचे पंथ मागाहून निघाले. कलियुगात पाखंड माजेल असं शास्त्रंच सांगतात आणि हा पंथ कलियुगातच निघालाय, तेव्हा तो पाखंडी.

महाराजांनी पन्नास हजारांचा बदनामीचा दावा लावला. 'लिहिलं ते खरं आहे' हाच करसनदासांचा बचाव. त्यामुळे कोर्टाला दोन गोष्टी तपासाव्या लागल्या. महाराजांचं वर्तन ही एक, आणि हा पंथ मूळ हिंदू धर्माला सोडून आहे का, ही दुसरी. जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. हायकोर्ट अजून व्हायचं होतं, हे जुनं सुप्रीम कोर्ट. न्यायाधीश दोन, सॉसे आणि अर्नोल्ड. दुसऱ्या प्रश्नावर जाणकार म्हणून साक्षीला आले डॉ. जॉन विल्सन, स्कॉटिश मिशनरी. विल्सन कॉलेजचे तेच. त्यांनी सांगितलं की हा नवा पंथ आहे, कारण यांनी कृष्णाचं एक रूप उचलून त्यालाच सर्वोच्च केलं. अर्नोल्डनी विल्सनच्या विद्वत्तेची भरभरून स्तुती केली आणि ते म्हणणं निकालात घेतलं.

दोन इंग्रज न्यायाधीश आणि एक मिशनरी, हे तिघं मुंबईत बसून कुठला हिंदू असल आणि कुठला नवा ते ठरवतायत, हे मला अजून पचत नाही. तुम्हाला काय वाटतं? 'एक हिंदू धर्म' असाच घडला का?

खानोलकर_काका

अहो ताई, हिंदू हा शब्द सिंधूवरून आला. इंग्रज जन्मायच्या आधीपासून आहे. नाथमहाराजांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड वाचा, सोळाव्या शतकातलं. शिवकाल तर नंतरचा. इंग्रजांनी आपल्याला धर्म दिला, हे असलं काही मी ऐकून घेणार नाही.

समीर_एडिसन

काका +१. पण रोहिणीताईंचा प्रश्न शब्दाबद्दल नाही असं वाटतं.

माझं इथलं उदाहरण सांगतो. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात जगातल्या धर्मांचा तक्ता आहे. रकाने ठरलेले: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. हिंदू धर्मासमोर संस्थापकाच्या रकान्यात आडवी रेघ, ग्रंथाच्या रकान्यात 'वेद'. मुलीने विचारलं, "बाबा, आपल्या घरी वेद कुठे आहेत?" घरी आहे ज्ञानेश्वरी, हरिपाठाची वही आणि आईची नवनाथांची पोथी. ती वर्गात काय लिहिणार?

तेव्हा हे 'वर्ल्ड रिलिजन'चं खूळ इंग्रजांचंच आणि त्यांनी आपल्याला पहिल्यापासून त्यात बसवलं, असं माझं मत.

दस्तऐवज

समीर, तुमचं मत अर्धं बरोबर आहे. तक्ता युरोपातलाच, पण 'पहिल्यापासून' नाही. 'जागतिक धर्म' ही वर्गवारी रूढ करणाऱ्यांत डच अभ्यासक टीले हे मोठं नाव. १८८० च्या दशकात ब्रिटानिका विश्वकोशातल्या लेखात त्यांनी जागतिक धर्म तीनच मानले: बौद्ध, ख्रिस्ती आणि इस्लाम. ब्राह्मणी धर्म त्यांनी एका लोकसमूहापुरता, राष्ट्रीय म्हणून बाजूला ठेवला, कारण तो जन्माने मिळतो, बाहेरच्याला घेत नाही, असा त्यांचा हिशोब. आपण त्या यादीत नंतर शिरलो. १८९३ च्या शिकागोच्या परिषदेत तर हिंदू धर्म इतरांच्या बरोबरीने व्यासपीठावरच होता.

ग्रंथाच्या रकान्याचं मात्र तुम्ही नेमकं पकडलंत. मॅक्स म्युलरच्या संपादनाखाली १८७९ पासून ऑक्सफर्डहून पौर्वात्य पवित्र ग्रंथांची माला निघाली, एकूण ५० खंडांची. त्यात वेदांची सूक्तं आहेत, उपनिषदं, गृह्यसूत्रं, मनुस्मृती आहे. भगवद्गीता आहे, तीही आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेली. पण पन्नासांत एकही पुराण नाही. म्हणजे भागवत नाही. ज्या ग्रंथावर एकनाथी भागवत उभं आहे, ज्यावर पुष्टिमार्ग उभा आहे, गावोगाव ज्याचे सप्ताह होतात, तो 'पवित्र ग्रंथा'त बसलाच नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकातला रकाना या निवडीतून आलाय.

आता मूळ खटल्याकडे. रोहिणीताई, मिशनरी साक्षीला बसला एवढ्यावर थांबू नका. तिथे प्रमाण कशाला मानलं, ते बघा. विल्सन, करसनदास आणि न्यायमूर्ती यांचा नियम एकच होता: जेवढं जुनं तेवढं खरं. आता वल्लभाचार्य स्वतः काय म्हणतात ते पाहा. ते चार प्रमाणं मानतात: वेद, गीता, ब्रह्मसूत्रं आणि भागवत. वेद त्यांनी नाकारलेलेच नाहीत, उलट पहिले धरलेत. पण या चारांचं नातं सांगताना ते म्हणतात, 'उत्तरं पूर्वसंदेहवारकम्'. म्हणजे आधीच्या ग्रंथात जिथे संशय उरतो, तो पुढचा ग्रंथ फेडतो. वेदाचा संशय गीतेने फिटतो, गीतेचा सूत्रांनी, सूत्रांचा भागवताने. म्हणजे अखेरचा शब्द शेवटच्या ग्रंथाचा.

कोर्टाची दिशा याच्या बरोबर उलटी होती. त्यामुळे हा पंथ त्या मापाने 'नवा' आणि 'ढळलेला' ठरणारच होता, आचार कितीही शुद्ध असता तरी. महाराजांचं वर्तन वेगळं, त्याचे पुरावे भक्कम होते. पण 'असल धर्म' हा मुद्दा संप्रदायाच्या स्वतःच्या नियमाने तपासलाच गेला नाही.

वैभव_डों

म्हणजे कोर्टात केस हरायला महाराजांना भागवत उशिरा लिहिलं गेल्याचा फटका बसला 😀

खानोलकर_काका

वैभव, अशा गोष्टींची थट्टा नको.

दस्तऐवज, तुमचं लिखाण अभ्यासू आहे, पण भारुडाबद्दल काहीच बोलला नाहीत.

दस्तऐवज

काका, राहिलं खरं. तुमचा पुरावा महत्त्वाचा आहे आणि 'सगळं इंग्रजांनीच रचलं' म्हणणाऱ्यांविरुद्ध अभ्यासकही हेच भारूड पुढे करतात. त्यातला तुर्क हिंदूला काय काय टोचतो ते पाहा: मूर्ती, सोवळंओवळं, पुराणातल्या देवांच्या कथा. म्हणजे सोळाव्या शतकात पैठणला 'हिंदू' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक ओळखीची गोष्ट येत होती. नुसता सिंधूपलीकडे राहणारा, एवढाच अर्थ नव्हता. आपण सगळे एका बाजूचे ही जाणीव तेव्हा आहे, हे मला मान्य.

फरक पुढे आहे. भारुडातला हिंदू मूर्तीची बाजू घेतो, देव पाण्यात आहे, लाकडात आहे, दगडात आहे असं सांगतो. 'मूर्तिपूजा आमच्या असल धर्मात नव्हती, ती नंतरची भेसळ' असं तो म्हणत नाही. १८६० चा सुशिक्षित माणूस हेच म्हणू लागला होता. एकत्वाची जाणीव जुनी, आणि वेदांना मूळ धरून बाकीच्यांना सुटी देणारी रचना नवी. मी या दोन गोष्टी वेगळ्या धरतो.

अश्विनी_पार्ले

मी माहेरची कोकणस्थ, सासर कपोळ वाणी, पुष्टिमार्गी. करसनदासही कपोळच. आमच्या घरी ठाकोरजींची सेवा आहे. माझ्या आजेसासूबाई 'आपणे वैष्णव' एवढंच म्हणायच्या. शेजारच्या शैव बाईंच्या घरचा प्रसाद त्या घेत नसत. दोघी हिंदू आहेत असं त्यांना सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या, पण त्याने त्यांच्या दिवसात काही बदललंही नसतं.

तरी रोहिणी, मला तुझ्या मांडणीत एक गोष्ट खटकते. तू 'पचत नाही' म्हणतेस ते फक्त न्यायाधीश आणि विल्सनबद्दल. हवेलीत, म्हणजे पुष्टिमार्गी मंदिरात, ज्या मुलींना पाठवलं जायचं, त्यांच्या बाजूने त्या काळी दुसरं कुठलं दार उघडं होतं? भाटिया जातीच्या शेटजींनी तर साक्षच देऊ नका असा ठराव करून लोकांना बांधून टाकलं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन शिक्षा झाली. डॉ. भाऊ दाजींसारख्या मराठी डॉक्टरने कोर्टात उभं राहून सांगितलं की महाराजांना गुप्तरोग होता, आपण त्यांच्यावर उपचार केले आहेत. 'असल धर्म' हा मुद्दा करसनदासांनी वापरला, कारण समोरचा माणूस धर्माच्या नावावरच हे करत होता. सासरच्या घरात आजही हा विषय काढला की शांतता पसरते. मी करसनदासांच्या बाजूची आहे.

रोहिणी_गिरगाव

अश्विनी, मीही त्यांच्याच बाजूची आहे ग. निकाल चुकला असं मला म्हणायचंच नाही. एका बाईच्या न्यायासाठी 'पंथ मूळ धर्माला सोडून आहे' हे सिद्ध करायची गरज का पडावी, हा माझा प्रश्न आहे. नीतीचा गुन्हा तेवढ्यानेच पुरेसा नव्हता का?

वकील_सातारकर

रोहिणीताई, अर्नोल्डनी तेच म्हटलंय. प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, नीतीचा आहे, आणि जे नीतीला सोडून ते धर्मशास्त्राने बरोबर ठरू शकत नाही, हे त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे. पण त्याच निकालात ते विल्सनचा आधार घेऊन पंथ नवा असल्याचंही मान्य करतात. बचावपक्षाने 'लेखातलं खरं आहे' म्हटलं की लेखातलं प्रत्येक महत्त्वाचं विधान तपासावं लागतं. तेव्हा धर्माचा मुद्दा न्यायाधीशांनी उकरून काढला नाही, तो लेखातूनच आला. वकिलाच्या नजरेने हा फरक मोठा आहे.

मंदार_७७

हे सगळं फोडा आणि झोडा होतं. पंथ वेगळे पाडायचे, आपसात भांडणं लावायची, हा इंग्रजांचा कावा.

दस्तऐवज

मंदार, इथे तर उलट झालंय. पंथ वेगळे पाडले नाहीत, सगळे एका मापाने मोजले. आणि दाद मागायला कोर्टात गेले ते महाराज, लेख लिहिला तो वैष्णव घरातल्या मुलाने. करसनदासांचा मुद्दाही निव्वळ विलायती नव्हता. कलियुगात धर्म ढासळतो, ही पुराणांचीच मांडणी. तिकडे विल्सनसारख्या प्रॉटेस्टंट माणसाची समजूत अशी की सुरुवातीला शुद्ध ग्रंथ असतो, मागाहून पुरोहित त्याला भ्रष्ट करतात. या दोन उताराच्या कथा १८६० च्या मुंबईत एकमेकींना येऊन मिळाल्या. इंग्रजांनी रचलं की आपण रचलं, असा सरळ वाटा पाडता येत नाही तो यामुळे.

आणखी एक मराठी धागा. हेच विल्सन तीस वर्षं आधी मुंबईत पंडितांशी जाहीर वाद घालत होते. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांनी त्यांच्याविरुद्ध मराठीत पुस्तक काढलं. नाव काय, तर 'हिंदुधर्मस्थापना'. विल्सननी १८३२ मध्ये त्याला उत्तर म्हणून हिंदू धर्माचं खंडन करणारं पुस्तक लिहिलं. म्हणजे दांडेकर कुठल्या एका संप्रदायाचं समर्थन करत नाहीत, पुस्तकाच्या नावातच पूर्ण 'हिंदुधर्म' उभा करतात. कारण समोरच्याचा हल्ला एका संप्रदायावर नव्हता, सगळ्यावर होता. आणि तोच विल्सन १८६२ मध्ये तटस्थ जाणकार म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात उभा. मला स्वतःला सगळ्यात बोचतं ते हे.

खानोलकर_काका

दांडेकरांचं माहीत नव्हतं. हे पुस्तक कुठे मिळतं का बघायला हवं.

दत्ता_रिद्धपूर

मी महानुभाव. वरची चर्चा शांतपणे वाचली. आमच्याकडे पंचकृष्ण: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. आधार सूत्रपाठाचा. इतर देवांची पूजा आम्ही करत नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर, माझ्या प्रत्येक फॉर्मवर धर्म 'हिंदू' लिहिलंय आणि मला त्याचा त्रास नाही. पण हे 'जुने ते असल' वालं माप आमच्या पंथाला लावलं तर काय होईल? आमचे ग्रंथ तर तेराव्या शतकापासूनचे, आणि मराठीत.

समीरभाऊंच्या मुलीसारखंच माझ्या मुलाचंही. पुस्तकात वेद, घरात लीळाचरित्र.

समीर_एडिसन

दत्ताभाऊ, मुलीला तुमचं उदाहरण सांगणार आहे. त्या रकान्यात मराठी ग्रंथाचं नाव लिहायचं म्हणते.

जनगणनेचा पण विषय काढा कोणी. तिथेच सगळे खरे 'हिंदू' झाले असं वाचलंय.

दस्तऐवज

'तिथेच' म्हणणं जास्त होईल, पण जनगणनेने गाठ पक्की केली. १९११ चं एक प्रकरण आपल्याच इलाख्यातलं आहे. गुजरातेत मतिया कुणबी होते. मोठ्या विधींना ब्राह्मण बोलवायचे, पण भक्ती पिराण्याच्या इमामशहाची आणि माणूस गेला की दफन. शेखडा समाजाचे लोक लग्नात हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही पुरोहित बोलवत. मोमना सुंता करत, गुजराती कुराण वाचत, बाकी चालीरीती हिंदू. मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याने अशांसाठी 'हिंदू-मुसलमान' असा जोड-रकाना केला. वरच्या जनगणना आयुक्तांना, गेट यांना, ते रुचलं नाही. माणूस इकडे किंवा तिकडे, मध्ये कुठे नाही, अशी त्या कामाची शिस्त होती. इथे कोणी मतप्रचार करत नव्हतं, फक्त रकाने भरायचे होते. दत्तासाहेब, तुमच्या फॉर्मवरचा शब्द याच वाटेने आलाय.

वकील_सातारकर

दत्तासाहेबांचा प्रश्न कायद्याच्या अंगाने फार मोलाचा आहे. १८६२ चं माप स्वतंत्र भारतात कुठवर आलं ते सांगतो.

१९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजनांना मंदिरं खुली करणारा कायदा आला. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या काही सत्संगींनी दावा लावला की आमचा धर्म वेगळा आहे, आम्ही हिंदू नाही, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. समोर होते दलित कार्यकर्ते मूळदास वैश्य. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी १९६६ मध्ये निकाल आला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, आमच्या साताऱ्याचे. पंथ हिंदूच आहे आणि मंदिर सर्वांना खुलं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी आधी 'हिंदू म्हणजे काय' हे सांगावं लागलं. त्यांनी मोनियर-विल्यम्स आणि मॅक्स म्युलर यांनाही उद्धृत केलं आणि टिळकांचं सूत्र घेतलं: 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता। उपास्यानामनियमः'. वेद प्रमाण, साधनं अनेक, उपास्य अमुकच असा नियम नाही.

म्हणजे १८६२ मध्ये 'मूळ धर्म' या कल्पनेने एका पंथाला बाहेर ढकललं, १९६६ मध्ये जवळपास त्याच सामग्रीने दुसऱ्या पंथाला आत ओढलं. आणि दोन्ही वेळी निकालाचा फायदा दुबळ्या बाजूला झाला: आधी बायकांना, मग दलितांना. अश्विनीताईंचं म्हणणं मला यासाठी पटतं.

अश्विनी_पार्ले

धन्यवाद वकीलसाहेब. तरी टिळकांच्या सूत्राची पहिली अट दत्ताभाऊंना अडचणीचीच ना?

दत्ता_रिद्धपूर

हो ताई. आमच्यातल्या जुन्या लोकांना विचाराल तर या वेदाच्या अटीवर त्यांची उत्तरं एकसारखी येणार नाहीत.

रोहिणी_गिरगाव

मग वकीलसाहेब, वेद प्रमाण मानत नाही म्हणणाऱ्याला हिंदू कायदा लागू होतो की नाही?

वकील_सातारकर

होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम काढून बघा. त्यात वेदाचं नाव नाही. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना आणि आर्य समाज यांची नावं घेऊन हिंदू म्हटलंय. बौद्ध, जैन, शीख वेगळे सांगून त्यांनाही कायदा लावलाय. आणि शेवटी म्हटलंय की जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्या प्रत्येकाला हा लागू, त्याच्यापुरता वेगळा रिवाज होता हे सिद्ध झालं नाही तर. अनुसूचित जमाती तेवढ्या सरकारी अधिसूचनेशिवाय बाहेर. कायदा श्रद्धा विचारत नाही, चार नावं वजा करून जे उरतं ते मोजतो.

दस्तऐवज

वकीलसाहेबांनी फार नेमकं मांडलं. म्हणजे आपल्याकडे आज दोन व्याख्या एकाच वेळी चालू आहेत. शाळेच्या तक्त्यातली आणि १९६६ च्या निकालातली व्याख्या ग्रंथावर उभी आहे, विवाह कायद्यातली वजाबाकीवर. पहिलीच्या मागे ग्रंथ छापणारे अभ्यासक दिसतात, दुसरीच्या मागे खानेसुमारीचे कारकून. रोहिणीताईंच्या प्रश्नात फक्त अभ्यासक आहेत. माझ्या मते कारकुनांचा वाटा जास्त आहे.

खानोलकर_काका

कारकून असोत की अभ्यासक, नाथांचा हिंदू त्यांच्या आधीचा आहे, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण वल्लभाचार्यांचा तो नियम, पुढचा ग्रंथ मागच्याचा संशय फेडतो, हा आवडला. आमच्या वारकऱ्यांतही गीता समजायची ती ज्ञानेश्वरीतून, असंच आहे की. त्या कोर्टात एखादा वारकरी उभा राहिला असता तर त्यालाही विल्सनसाहेबांनी नवाच ठरवलं असतं. दस्तऐवज, यावर वेगळा धागा काढा.